सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम बंद केल्यावर: सांगलीतल्या एका पेट ग्रूमिंग सेंटरच्या दर-पोस्टचा प्रकरण अभ्यास

(सेंटरची आणि ग्राहकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दरांचे आकडेही थोडे हलवले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तसंच ठेवलं आहे.)

पार्श्वभूमी

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एका गाळ्यात हे सेंटर चालतं. एक टेबल, एक टब, एक मोठा ब्लोअर आणि काम करणारी दोन माणसं: सेंटर चालवणाऱ्या ताई आणि त्यांचा मदतनीस. दिवसाला पाच-सहा जनावरं होतात. ग्राहक मुख्यतः सांगली-मिरज-कुपवाडचे, अधूनमधून तासगाव किंवा जतकडून कुणीतरी येतं. बहुतेकांना सेंटर कळतं ते व्हॉट्सॲप स्टेटसवरून, नाहीतर कुणीतरी पुढे ढकललेल्या फोटोवरून. दुकानाबाहेर दरफलक नव्हता. जो फोटो फिरायचा तोच फलक.

त्या फोटोवर तीन सोनेरी चौकटी होत्या:

> सिल्व्हर – रु. ४९९ पासून: बाथ, ब्लो ड्राय, नेल ट्रिम
> गोल्ड – रु. ८९९ पासून: सिल्व्हर + ब्रशिंग, इअर क्लीनिंग, हायजीन ट्रिम
> प्लॅटिनम – रु. १४९९ पासून: गोल्ड + हेअरकट, स्पा
> *दर ब्रीड व साइजनुसार बदलतील

तळाची चांदणीवाली ओळ इतक्या बारीक अक्षरात होती की व्हॉट्सॲपवर दोन-तीनदा फॉरवर्ड झाल्यावर ती वाचताच यायची नाही. प्रत्यक्षात मध्यम कुत्र्याला २०० आणि मोठ्या कुत्र्याला ४०० रुपये जादा घेतले जायचे, पण हे आकडे पोस्टमध्ये कुठेच नव्हते. गाठी, गोचीड यांचे पैसे वेगळे, तेही तोंडी.

अडचण

पहिल्यांदा वाटलं ते असं की लोक पोस्ट नीट वाचत नाहीत. रोज तेच प्रश्न यायचे: "लॅबचे किती?", "गोल्डमध्ये केस कापता का?", "सिल्व्हरमध्ये शाम्पू कुठला वापरता?" हा शेवटचा प्रश्न बराच काही सांगून जातो. सिल्व्हर-गोल्ड म्हटल्यावर माणसाला मालाची प्रत आठवते, म्हणजे स्वस्तात हलका शाम्पू आणि महागात भारी. सेंटरमध्ये शाम्पू सगळ्यांना एकच होता.

खरी कुरबुर व्हायची कुत्रा परत न्यायला आल्यावर. एप्रिलमधला एक प्रसंग नमुन्यादाखल घेता येईल. मिरजेचे एक गृहस्थ २७ किलोचा लॅब घेऊन आले. ऊन वाढलं होतं, म्हणून त्यांनी प्लॅटिनम निवडलं. त्यात हेअरकट लिहिला होता. मालकांच्या मनात होतं की उन्हाळ्यापुरती टकली करून मिळेल. ताईंच्या मनात होतं की लॅबचे केस कापायचेच नसतात, त्यामुळे हेअरकट म्हणजे पंजाखालचे आणि शेपटीखालचे केस साफ करणं. संध्याकाळी बिल १८९९ रुपयांचं झालं आणि कुत्रा दिसायला सकाळसारखाच, फक्त स्वच्छ. "पोस्टात तर चौदाशे नव्व्याण्णव लिहिलंय की ओ, आणि कापलंय कुठं?" असं म्हणून ते दारातच थांबले. पाचशे रुपये कमी करून विषय मिटला, पण ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

या प्रसंगात ताईंचं कामाचं ज्ञान बरोबर होतं. लॅब, पॉमेरियन, हस्की, जर्मन शेफर्ड यांना केसांचे दोन थर असतात. वरचे केस राठ, ते ऊन आणि पाणी अडवतात. खालचा थर मऊ आणि दाट, तो हंगामानुसार गळतो. मशीनने दोन्ही थर उडवले तर कातडी थेट उन्हाला उघडी पडते, आणि नंतर केस येतात ते बऱ्याचदा ठिगळासारखे, कारण मऊ थर आधी वाढतो आणि राठ केस मागे राहतात. उन्हाळ्यात अशा कुत्र्याला आराम मिळतो तो सुटलेला खालचा थर विंचरून आणि ब्लोअरने उडवून काढल्यावर. हे सगळं ताईंना माहीत होतं. पोस्टमध्ये त्यातलं एक अक्षर नव्हतं, उलट हेअरकट हा शब्द प्रत्येक कुत्र्यासाठी विकायला ठेवला होता.

दुसरा घोळ आणखी खोलवरचा होता. सिल्व्हरमध्ये ब्रशिंग नाही आणि गोल्डमध्ये आहे, अशी विभागणी कागदावर ठीक दिसते. टेबलावर ती टिकत नाही. न विंचरता लांब केसांच्या कुत्र्याला भिजवलं की सैल गुंता पाण्याने आवळून पक्की गाठ होते, आणि वाळल्यावर ती सोडवायला तिप्पट वेळ जातो. म्हणून मदतनीस सिल्व्हरच्या कुत्र्यालाही आधी विंचरायचाच. कानाचंही तेच. अंघोळीत कानात ओल राहिली तर बुरशी धरते, विशेषतः लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना. त्यामुळे कान पुसल्याशिवाय कुत्रा सोडणं योग्य नव्हतं. म्हणजे सिल्व्हरवाल्याला गोल्डचं जवळजवळ सगळं काम फुकट मिळत होतं, आणि गोल्डवाला चारशे रुपये जास्त देऊन थोडे केस कमी करून घेत होता. दोन मालक एकाच वेळी न्यायला आले की हे उघडं पडायचं.

आधी वेळ मोजली

पोस्ट बदलण्याआधी दोन आठवडे एका वहीत प्रत्येक जनावराची नोंद ठेवली: वजन, केसांचा प्रकार, टेबलावर चढवल्यापासून उतरवेपर्यंतची मिनिटं. वजनकाटा तोपर्यंत नव्हता, तो याच वेळी आणला. नोंदींमधून जे दिसलं त्याने साइजनुसार दर ही कल्पनाच मोडीत काढली.

जतहून आलेला २५ किलोचा कारवानी ५५ मिनिटांत झाला. अंगाला चिकटलेले आखूड केस, खाली मऊ थर नाही, टॉवेलनेच निम्मा वाळतो. २७ किलोच्या लॅबला १०५ मिनिटं लागली, त्यातली चाळीसच्या वर एकट्या ब्लोअरखाली. जुन्या पद्धतीत दोघेही 'मोठा कुत्रा', दोघांनाही सिल्व्हरचे ८९९. जर्मन शेफर्डलाही तेच ८९९, आणि त्याला लागली १३५ मिनिटं. ५ किलोच्या पॉमेरियनला ७० मिनिटं लागत होती आणि दर होता ४९९. सहा किलोच्या शित्झूची नुसती अंघोळ ७० मिनिटांची, केस कापायचे तर १३५.

गाळाभाडं, वीज, मदतनिसाचा पगार, शाम्पू-कंडिशनर आणि स्वतःची मजुरी धरून टेबलाचा एक तास ५०० रुपयांना पडायला हवा, असा हिशोब निघाला. त्या मापाने पाहिलं तर कारवानीच्या मालकाकडून तासाला साडेनऊशेच्या वर घेतले जात होते आणि शेफर्डच्या मालकाकडून चारशे. कारवानीवाले एकदा येऊन परत का येत नाहीत, याचं उत्तर वहीत मिळालं. जर्मन शेफर्डवाले मात्र खूश होते आणि आणखी शेफर्डवाल्यांना पाठवत होते.

कोणते पर्याय समोर होते

ताईंचा पहिला कल पोस्टमधून दर काढूनच टाकायचा होता: "दरासाठी मेसेज करा." वाद टळतील हे खरं, पण दिवसाला पंधरा-वीस मेसेजना उत्तर द्यायचं कुणी? हात कायम ओले, नाहीतर टेबलावर कुत्रा. शिवाय दर लपवला की लोक महागच असणार असं धरून चालतात आणि विचारतही नाहीत.

दुसरा पर्याय जातीनुसार यादीचा. लॅब इतके, पग इतके, शित्झू इतके. वाचायला सगळ्यात सोपी यादी हीच. पण सांगलीत येणाऱ्या कुत्र्यांत गावठी आणि मिश्र जातीचे पुष्कळ असतात, त्यांचे मालक यादीत स्वतःला कुठे शोधणार? पॉमेरियन म्हणून घेतलेला कुत्रा प्रत्यक्षात बारा किलोचा स्पिट्झ निघतो. यादी वीस ओळींची होते आणि तरीही एकविसावा कुत्रा दारात उभा राहतोच.

तिसरा पर्याय तासावर पैसे घेण्याचा होता. हिशोबाला हा सगळ्यात न्याय्य, पण ग्राहकाला बिल आधी कळत नाही, आणि काम मुद्दाम रेंगाळवलं अशी शंका त्याला कायम राहते. शांत कुत्र्याच्या मालकाला फायदा आणि घाबरणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला दंड, हेही बरोबर वाटलं नाही.

शेवटी निवडला तो पर्याय असा: कामं फक्त दोन, अंघोळ आणि अंघोळ-कटिंग. दर ठरवणाऱ्या गोष्टीही दोनच, आधी केसांचा प्रकार आणि मग वजन. तासाचा हिशोब पडद्यामागे राहील, ग्राहकाला ठरलेला आकडा दिसेल.

इथे एक अवघड वळण होतं. गोल्ड बंद केलं की गोल्ड घेणाऱ्या प्रत्येक लॅबमागे चारशे रुपये जाणार होते. मधली पायरी ठेवून तिला नवं नाव देण्याचा मोह स्वाभाविक होता. पण त्या पायरीत विकण्यासारखं वेगळं काम उरतच नव्हतं. नखं, कान, पंजाखालचे आणि शेपटीखालचे केस मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम आणि ते अंघोळीसोबतच करणं सोयीचं. पायरी तिथेच काढावी जिथे काम खरोखर तुटतं. ग्रूमिंगमध्ये ते कात्री-मशीन हातात घेण्यापाशी तुटतं, त्याच्या अलीकडे कुठेच नाही. मधली पायरी गेली ती कायमची.

नवी पोस्ट

पहिला मसुदा चार फोटोंचा होता, प्रत्येक प्रकारच्या केसांसाठी एक. इन्स्टाग्रामवर छान दिसला. पण व्हॉट्सॲपवर चारांतला एकच फोटो पुढे जातो आणि नेमका आखूड केसांचा, सगळ्यात स्वस्त. तीनच दिवसांत एक हस्की ४५० रुपयांच्या अपेक्षेने दारात आला. मग सगळं एकाच फोटोत बसवायचं ठरलं, आणि तोच मजकूर खाली टाइप करूनही द्यायचा, म्हणजे फोटो धूसर झाला तरी शब्द शाबूत राहतात. शेवटचा मजकूर हा:

> दर १ जूनपासून. याआधीचे फोटो धरू नयेत.
>
> अंघोळ म्हणजे: विंचरणं, अंघोळ, पूर्ण वाळवणं, नखं, कान, पंजाखालचे व शेपटीखालचे केस. सगळ्यांना हेच, शाम्पूही तोच.
>
> १) आखूड, अंगाला चिकटलेले केस (कारवानी, बॉक्सर, डोबरमन, बहुतेक गावठी)
> १५ किलोपर्यंत ४५० | १५ च्या वर ५५०
>
> २) दाट, घरभर गळणारे केस (लॅब, पॉमेरियन, गोल्डन, हस्की, जर्मन शेफर्ड)
> १० किलोपर्यंत ६०० | १० च्या वर ३० पर्यंत ९०० | ३० च्या वर ११५०
> यांचे केस आम्ही मशीनने कापत नाही. सुटे केस काढून देतो, ते याच दरात.
>
> ३) न गळता वाढत राहणारे केस (शित्झू, ल्हासा, पूडल)
> १० किलोपर्यंत: अंघोळ ६००, अंघोळ + कटिंग ११५०
> १० च्या वर: अंघोळ ८५०, अंघोळ + कटिंग १५००
>
> मांजर: अंघोळ ८००
>
> जादा पैसे दोनच गोष्टींचे:
> गाठी: पहिली १० मिनिटं फुकट, पुढे दर १५ मिनिटांना १२५, जास्तीत जास्त २५०.
> गोचीड खूप असतील तर: १५०.
> दोन्ही तुमच्यासमोर पाहून, तुम्ही हो म्हटल्यावरच.
>
> वजन इथे काट्यावर करू. कुठला प्रकार कळत नसेल तर पाठीचा जवळून फोटो पाठवा.

प्रत्येक ओळ तशी का

"पासून" हा शब्द कुठेही नाही. ग्राहक तो वाचत नाही. तो आकडा वाचतो आणि तोच लक्षात ठेवतो. आकडा वाढण्याची शक्यता असेल तर ती कशामुळे, किती आणि कुठवर, हे लिहायला हवं. म्हणून गाठींना कमाल मर्यादा दिली. शित्झूच्या मालकाला घरबसल्या कळतं की काहीही झालं तरी ११५० अधिक २५०, आणि गोचीड निघाले तर वर १५०. त्यापुढे बिल जाणार नाही.

वजनाच्या ओळीत पहिल्या मसुद्यात "५ ते १०, १० ते ३०" असं होतं. बरोबर दहा किलोचा कुत्रा दोन्हीकडे बसतो आणि मालक अर्थातच खालचा दर धरतो. "१० किलोपर्यंत" आणि "१० च्या वर" लिहिल्यावर ती फट बुजली. वजन दर वेळी करायचं हेही ठरवून घेतलं, कारण लॅबचं पिल्लू चार महिन्यांत एका ओळीतून दुसरीत जातं आणि मालकाच्या डोक्यात मागचंच बिल असतं.

केसांच्या प्रकारांना लोकांनी घरी पाहिलेली खूण दिली: चिकटलेले, गळणारे, वाढत राहणारे. 'डबल कोट' लिहिलं असतं तर जाणकार खूश झाले असते आणि बाकीच्यांनी फोन केला असता. "घरभर गळणारे" वाचल्यावर लॅबच्या मालकाला सोफ्याकडे नुसतं पाहावं लागतं.

मशीनने कापत नाही ही ओळ दराच्या लगेच खाली आहे, तळटीपेत नाही. त्यामुळे एप्रिलमधला तो संवाद आता कुत्रा आणण्याआधीच होतो. अपवाद एकच: कातडीच्या उपचारासाठी पशुवैद्यांनी लिहून दिलं असेल तर. तो पोस्टमध्ये घातला नाही, कारण ज्याला तशी चिठ्ठी मिळते तो ती दाखवतोच.

गाठी: सगळ्यात जास्त विचार लागलेली ओळ

पूर्वी गाठींचे सरसकट ३०० रुपये घेतले जायचे आणि ते न्यायला आल्यावर सांगितले जायचे. तेव्हा गाठी निघून गेलेल्या असायच्या, म्हणजे दाखवायला काही उरायचं नाही. नव्या पद्धतीत कुत्रा सोडायला आलेल्या माणसासमोर टेबलावर स्टीलची कंगवी फिरवतात. जागा ठरलेल्या: कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, मागच्या मांडीच्या आत आणि शेपटीच्या मुळाशी. कंगवी मुळापासून टोकापर्यंत गेली तर गाठ नाही. अडकली तर मालकाचं बोट तिथे ठेवतात. मालक बऱ्याचदा चकित होतात, कारण घरी वरवर ब्रश फिरतो आणि खाली कातडीलगत नमदा झालेला असतो.

मग तीन शक्यता. थोड्या गाठी असतील तर दहा मिनिटांत निघतात, पैसे नाहीत. मध्यम असतील तर १२५ किंवा २५०, मालकाचा होकार घेऊन. अर्ध्या तासापेक्षा जास्त लागणार असेल तर सोडवत बसत नाहीत, कारण तेवढा वेळ ओढून कातडी लाल होते आणि कुत्रा पुढच्या वेळी टेबलावर चढत नाही. अशा वेळी केस आखूड कापणं हाच उपाय, त्याला कटिंगचा नेहमीचा दर आणि गाठींचे पैसे शून्य. पावसाळ्यात भिजून आलेल्या एका शित्झूला तिन्ही आकडे मांडून दाखवले: नुसती अंघोळ आणि गाठी मिळून ८५०, तेही सगळ्या निघतील याची खात्री नाही, कटिंग आणि एका टप्प्याच्या गाठी १२७५, सगळं आखूड ११५०. मालकिणीने आखूड निवडलं. जुन्या पद्धतीत तिथेच १७९९ चं बिल झालं असतं: १४९९ आणि गाठींचे ३००.

नमदा झालेला असेल तर आणखी एक गोष्ट कापण्याआधी बोलून घ्यावी लागते. त्याखालची कातडी बऱ्याचदा आधीच लाल किंवा ओलसर असते. ती मशीननंतर दिसते आणि मशीननेच झाली असं वाटतं. म्हणून कापण्याआधी आणि नंतर फोटो घेऊन मालकाला पाठवायची सवय लावली.

गोचिडांचं थोडक्यात. दोन-चार असतील तर चिमट्याने काढून देतात, पैसे नाहीत. भरपूर असतील तर औषधी शाम्पू आणि नंतर टेबल-टब धुणं, त्याचे १५०. शाम्पू त्या दिवशी अंगावर असलेल्या गोचिडांपुरताच, पुढच्या आठवड्याची हमी नाही, हे तोंडाने सांगतात. मानेवर टाकायचं औषध गेल्या दोन दिवसांत घातलं असेल तर अंघोळ पुढे ढकलतात, नाहीतर औषध धुऊन जातं. आणि कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला कधीच नाही. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

परिणाम

मेसेज थांबले नाहीत, पण बदलले. "किती घेता?" ऐवजी "आमचा २९ किलोचा लॅब, ९०० ना? उद्या चारला आणू?" असे येऊ लागले, आणि त्यांना एका शब्दात उत्तर देता येतं. पाठीच्या केसांचे फोटोही लोक पाठवतात.

न्यायला आल्यावरचे वाद जवळपास थांबले. उरले ते गाठींवरचे, तेही कुत्रा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सोडला आणि पैसे द्यायला वेगळं माणूस आलं तेव्हा. त्यावर कंगवी फिरवून झाल्यावर ठरलेली रक्कम व्हॉट्सॲपवर पाठवून "हो" घ्यायची पद्धत सुरू केली.

काही जर्मन शेफर्डवाले गेले. ८९९ चे ११५० झाले, हे साहजिक होतं. ताईंनी ते धरूनच ठेवलं होतं. कारवानी आणि गावठी कुत्री वाढली, आणि ती तासाभरात होत असल्याने दिवसात एखादं जनावर जास्त बसू लागलं. महिन्याच्या जमेत सुरुवातीला फारसा फरक दिसला नाही. संध्याकाळी साडेसातऐवजी साडेसहाला शटर पडू लागलं, हा फरक मात्र पहिल्या महिन्यातच दिसला.

एक गोंधळ नव्या पोस्टनेच निर्माण केला. पॉमेरियनचे मालक स्वतःला तिसऱ्या प्रकारात धरून कटिंग मागू लागले, कारण पॉमचे केस लांब दिसतात. "गळणारे" ही खूण त्यांनी वाचली, पण डोळ्यांनी केसांची लांबी मोजली.

पुन्हा करायचं तर

पहिला बदल फोटोंचा. तीन प्रकारांपुढे जातींची नावं देण्याऐवजी पाठीच्या केसांचे जवळून घेतलेले तीन फोटो द्यावेत, आणि दुसऱ्या प्रकारात केस बोटांनी फाकवून खालचा मऊ थर दिसेल असा. पॉमचा घोळ तिथेच मिटला असता. नावं हवीतच असतील तर फोटोखाली एकेक पुरे.

दुसरं, दर वाढणार होते त्या जुन्या ग्राहकांना पोस्टच्या आधी वैयक्तिक मेसेज जायला हवा होता. शेफर्डवाल्यांना ११५० हा आकडा स्टेटसवर दिसला आणि तो कशाचा हे सांगायला कुणी नव्हतं. "तुमच्या कुत्र्याला सव्वादोन तास लागतात, त्यातला तासभर ब्लोअर" एवढं एक वाक्य आधी गेलं असतं तर त्यातले निम्मे तरी थांबले असते, असा ताईंचा अंदाज आहे. तो तपासायला आता उशीर झाला.

तिसरं अजून ठरलेलं नाही. तिसऱ्या प्रकारात दर पाच-सहा आठवड्यांनी येणाऱ्याचे केस गाठीशिवाय येतात आणि कटिंग शंभरच मिनिटांत होतं. त्याला कमी दर द्यावा की नाही? द्यायचा तर पोस्टमध्ये आणखी एक आकडा येतो, आणि सहा महिन्यांनी येणारा माणूसही तोच आकडा वाचून येणार. सध्या तो दर पोस्टबाहेर ठेवला आहे: बिल देताना पुढची तारीख तिथल्या तिथे ठरवणाऱ्याला कटिंगमध्ये १५० कमी, आणि ती तारीख त्याच बिलावर पेनने लिहून.